पहिली पंगत किती वाजता?

लग्नाची तारीख ठरली, कार्यालयाला इसार गेला की घरात केटररची माहितीपत्रकं जमू लागतात. चकचकीत कागद, वर गणपती, खाली केळीच्या पानाचा फोटो. आतली पहिली ओळ बहुतेकांची सारखीच असते: ‘आपल्या शुभकार्यात रुचकर भोजन, उत्तम स्वच्छता, भरपूर विविधता आणि वेळेवर तत्पर सेवा.’ ही ओळ कुणी थांबून वाचत नाही. वधूपिता पान उलटतो आणि ताटाच्या दरावर बोट ठेवतो.

खरं तर केटररचं सगळं काम त्या ओळीतच आहे. स्वच्छता, विविधता आणि वेळ या तिन्ही गोष्टी एकमेकींना ओढत असतात, हे मात्र ती ओळ सांगत नाही. पदार्थ वाढवले की चुलीवरचा भार वाढतो आणि वाढप रेंगाळतं. वाढप रेंगाळलं की पंगत लांबते. पंगत लांबली की पातेल्यातला भात आणि बासुंदी ताटकळतात, आणि उन्हाळ्यात ताटकळलेलं अन्न हाच लग्नातल्या विषबाधेचा नेहमीचा रस्ता. म्हणून माहितीपत्रकाची सुरुवात कशी असावी, हा नुसता भाषेचा प्रश्न राहत नाही. स्वयंपाकघरात उद्या काय घडणार आहे, हे त्या चार ओळींत उतरलं पाहिजे. एक लग्न डोळ्यांसमोर ठेवून हिशेब मांडला की हे स्पष्ट होतं.

समजा, मे महिन्यातलं नाशिकचं लग्न आहे. पाचशे पाहुणे, मुहूर्त दुपारी १२ वाजून २७ मिनिटांचा. कार्यालयाच्या भोजनकक्षात एका वेळी १२० पानं बसतात. घरच्यांची इच्छा आहे की सगळ्यांना पंगतीतच जेवू घालायचं.

पंगतीचं जेवण घाईत उरकलं तरी चाळीस मिनिटं घेतं. त्यानंतर पानं उचलायची, टेबलं पुसायची, नवी पानं मांडायची, पाणी ठेवायचं आणि डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर वाढून पंगत तयार करायची, यात आणखी पंधरा मिनिटं जातात. म्हणजे एका पंगतीमागे पाऊण तासाहून जास्त, साधारण ५५ मिनिटं. अक्षता पडून, आहेर-फोटोची पहिली गर्दी ओसरून पहिली पंगत १२.५० ला बसली, तर दुसरी १.४५, तिसरी २.४० आणि चौथी ३.३५ ला बसेल. तोवर ४८० पानं झाली. उरलेले वीस जण आणि पंगतींवर देखरेख करणारी घरची माणसं जेवायला बसतात तेव्हा साडेचार वाजलेले असतात. आचाऱ्याने कितीही झपाट्याने काम केलं तरी हा आकडा बदलत नाही, कारण अडचण चुलीवरची नसून खुर्च्यांची आहे. ‘वेळेवर सेवा’ असं छापणाऱ्या केटररने हा हिशेब यजमानांपुढे मांडला नसेल, तर ती ओळ पोकळ आहे.

उपाय तीनच. पहिला, मोठा भोजनकक्ष असलेलं कार्यालय घेणं. पण केटररची निवड होईपर्यंत कार्यालय ठरलेलं असतं. दुसरा, मुहूर्ताआधी एक पंगत बसवणं. गावाहून पहाटे निघालेली मंडळी, मधुमेहाची गोळी घेणारे आजोबा आणि लहान मुलं यांच्यासाठी साडेअकराची पंगत हा फार शहाणपणाचा रिवाज आहे आणि आता तो पुष्कळ ठिकाणी रुळला आहे. तिसरा, अंगणात बुफे लावून तिथे दोनशे जणांची सोय करणं आणि पंगत तीनशे जणांपुरती ठेवणं. मग १२.५०, १.४५ आणि शेवटची २.४० ची, जिच्यात वरमाय, विहिणी आणि नवरा-नवरी बसतात. साडेतीनला जेवणं आटोपतात. चांगला केटरर हा पर्याय पहिल्या भेटीतच काढतो, आणि त्याच्या माहितीपत्रकात ‘वेळेवर’ या शब्दाऐवजी घड्याळातली वेळ असते.

पण वेळ पाळण्याची खरी परीक्षा पुरीपाशी होते. पानावर वरण-भात, मसालेभात, बटाट्याची भाजी हे आधी करून ठेवता येतं. पुरी नाही. ती कढईतून निघाली की दहा मिनिटांत चामट व्हायला लागते. १२० जणांना पहिल्या वाढपात दोन-दोन पुऱ्या द्यायच्या तर २४० पुऱ्या लागतात, आणि त्या पंगत बसल्यावर दहा-बारा मिनिटांत पानावर पोचायला हव्यात. मोठ्या कढईत एका घाण्याला बारा-पंधरा पुऱ्या मावतात, आणि सोडणं, फुगणं, उलटणं, निथळून काढणं धरून घाणा मिनिटभर घेतो. एका कढईवर २४० पुऱ्यांना सोळा ते वीस मिनिटं लागणार. म्हणजे दोन कढया हव्यात, दोन तळणारे हवेत, आणि पुऱ्या लाटणाऱ्या बाया इतक्या हव्यात की कढईला मिनिटाला पंचवीस पुऱ्या मिळतील. लाटणं कमी पडलं की कढई रिकामी तापत राहते, तेल धुरावतं आणि वाढपी टोपली घेऊन दारात उभे राहतात. मग पंगतीत ‘पुरी, पुरी’ अशा हाका सुरू होतात. हाका ऐकून केटररला पुऱ्या आधीच तळून ठेवायचा मोह होतो. म्हणून पुऱ्या गरम येतात की गार, एवढ्यावरून केटररने माणसं पुरेशी आणली आहेत का हे कळतं.

वाढप्यांचंही तसंच. पंधरा पानांमागे एक वाढपी हे प्रमाण सांभाळलं तर १२० पानांना आठ जण लागतात. पाणी देणारे दोघे त्यात मोजायचे नाहीत. अनेक केटरर इथेच काटकसर करतात. पाणी मागणाऱ्याला पाणी मिळेपर्यंत तो हात आखडून बसतो आणि पंगत पाच मिनिटांनी लांबते. चार पंगतींत ही वीस मिनिटं होतात.

आता विविधतेकडे येऊ. हल्ली माहितीपत्रकात ‘बेचाळीस पदार्थांचा शाही मेनू’ असं अभिमानाने छापलेलं असतं. यादी नीट वाचली तर पनीर बटर मसाला, काजू करी, मलई कोफ्ता आणि व्हेज कोल्हापुरी ही चार नावं दोन रश्श्यांतून निघालेली असतात. मोठ्या स्वयंपाकघरात कांदा-टोमॅटोची लाल ग्रेव्ही आणि काजू-मगजबीची पांढरी ग्रेव्ही आदल्या रात्री पिंपभर तयार होते आणि सकाळी त्यात वेगवेगळ्या वस्तू पडतात. यात फसवणूक नाही, हॉटेलांतही असंच चालतं. पण जेवणाऱ्याच्या जिभेला चार चवी मिळाल्या असं म्हणता येत नाही, आणि पातेली, शेगड्या, वाढायचे डाव मात्र चारपट लागतात.

त्यात लाइव्ह काउंटर. समोर तवा, गरम डोसा, पाहुणे खूश. मोठ्या तव्यावर एका वेळी तीन डोसे पडतात आणि घालण्यापासून उचलण्यापर्यंत तीन मिनिटं जातात. तासाला साठ डोसे. बुफेवरच्या दोनशे जणांपैकी निम्म्यांनी जरी डोसा मागितला तरी एका तव्याला शंभर मिनिटं हवीत, आणि त्या वेळात रांगेत उभी राहिलेली माणसं मुख्य जेवणाकडे जात नाहीत. काउंटर लावायचाच असेल तर दोन तवे, नाहीतर लावू नये. जे केटरर यजमानांना हे तोंडावर सांगतात, त्यांचं सांगणं मोलाचं आहे.

मराठी लग्नाच्या पानाची मांडणी या बाबतीत विलक्षण हुशार आहे आणि तिच्याकडे केवळ परंपरा म्हणून पाहणं अन्यायाचं ठरेल. पानाच्या डाव्या बाजूला मीठ, लिंबाची फोड, ओल्या खोबऱ्याची चटणी, लोणचं, पंचामृत, काकडीची कोशिंबीर, पापड, कुरडई. उजवीकडे अळूचं फदफदं, बटाट्याची भाजी. मध्ये वरण-भाताची मूद, त्यावर तूप. मग मसालेभात, पुरी, जिलबी किंवा श्रीखंड, आणि शेवटी मठ्ठा. पंधरा-सोळा पदार्थ सहज होतात. पण यातले गरम ठेवावे लागतात ते जेमतेम पाच: वरण, भात, मसालेभात, अळू आणि बटाट्याची भाजी. पुरी तेवढी ऐनवेळची. लोणचं, पापड, कुरडई आधीच तयार असतात आणि खराब होत नाहीत. गोड, आंबट, खारट, तिखट, तुरट सगळं पानावर येतं, तरी आचाऱ्याच्या शेगड्यांवर ताण येत नाही. विविधता चमचाभर पदार्थांनी साधायची आणि चुलीवरचे पदार्थ मोजके ठेवायचे, ही या पानाची रीत आहे. बुफेच्या मेनूत नेमकं उलटं होतं. तिथे प्रत्येक पदार्थ गरम, प्रत्येक पदार्थ पातेलंभर.

आणि गरम पदार्थ जितके जास्त, तितकी स्वच्छतेची जोखीम जास्त. इथे थोडं थांबायला हवं, कारण स्वच्छता म्हटलं की माहितीपत्रकात टोप्या आणि हातमोजे घातलेल्या माणसांचा फोटो येतो. टोपी हवीच. हातमोज्यांचं मात्र तपासून पाहावं. त्याच मोज्याने वाढपी खरकटं पान उचलत असेल, मोबाइल घेत असेल आणि पुरी वाढत असेल, तर मोजा नसलेला पण साबणाने धुतलेला हात कितीतरी बरा. लग्नातून माणसं आजारी पडतात त्यामागे डोळ्यांना दिसणारी घाण क्वचितच असते. कारण असतं तापमान आणि वेळ.

जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे: शिजवलेलं अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम राहावं किंवा ५ अंशांच्या खाली गार, आणि बाहेरच्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. मधल्या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. भाताचंच उदाहरण घ्यावं. पाचशे पाहुण्यांना मसालेभातासाठी वीस किलोच्या आसपास तांदूळ लागतो. तो सगळा सकाळी आठला एकाच मोठ्या पातेल्यात शिजवून झाकून ठेवला, तर साडेबाराला वरचा थर कोमट आणि मधला गोळा ऊबदार असतो. काही जिवाणूंचे बीजाणू शिजवण्याच्या उष्णतेतही जिवंत राहतात आणि अशा ऊबदार भातात पुन्हा वाढायला लागतात. भात दिसतो छान, वास छान, चवही छान. रात्री आठला पाहुण्यांच्या पोटात ढवळायला लागतं. चव घेऊन हे ओळखता येत नाही. ओळखता येतं ते फक्त काट्याच्या थर्मामीटरने. हे साधन स्वस्त असतं, आणि आचाऱ्याच्या खिशात ते आहे की नाही, हा स्वच्छतेबद्दलचा सर्वांत उपयोगी प्रश्न.

अनुभवी आचारी म्हणूनच भात दोन-तीन पातेल्यांत टप्प्याटप्प्याने लावतात. पहिलं पातेलं साडेअकराच्या पंगतीसाठी, दुसरं १२.५० साठी, तिसरं दीडच्या सुमाराला. मुहूर्त अर्धा तास पुढे गेल्याचा निरोप आला तर पुढचं पातेलं उशिरा चढवता येतं. इथे वेळ आणि स्वच्छता यांची गाठ दिसते: कार्यालयाच्या मांडवात आणि मागच्या स्वयंपाकघरात निरोप देणारा एक माणूस नेमलेला असला, तर भात ताटकळत नाही.

गोडाचं प्रकरण वेगळं आहे. श्रीखंडात आंबटपणा आणि भरपूर साखर असते, त्यामुळे ते जरा तग धरतं. बासुंदी, रबडी आणि खव्याच्या मिठाया यांना तेवढं संरक्षण नसतं. पन्नास लिटर बासुंदी आटवून त्याच पातेल्यात गार व्हायला ठेवली, तर मधला भाग रात्रभर कोमट राहतो. तिच्यात कुणाच्या हाताच्या जखमेतला किंवा नाकातला स्टॅफिलोकोकस नावाचा जिवाणू गेला, तर तो तिथे वाढून विष तयार करतो, आणि ते विष नंतर उकळूनही जात नाही. अशा वेळी जेवणानंतर काही तासांतच उलट्या सुरू होतात, कित्येकदा पाहुणे परतीच्या गाडीत असतानाच. उपाय जुना आणि सोपा आहे: बासुंदी उथळ परातींत ओतायची, बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळायची, आणि गार झाली की शीतपेटीत. बोटाला कापलेल्या माणसाला त्या दिवशी गोडाजवळ जाऊ द्यायचं नाही. माहितीपत्रकातल्या ‘स्वच्छता’ या शब्दाखाली हे वाक्य छापलेलं असतं तर किती बरं झालं असतं.

मठ्ठ्याचीही चौकशी करावी. त्यातलं पाणी आणि बर्फ कुठून येतो? मे महिन्यात पुष्कळ कार्यालयांना टँकरचं पाणी असतं. पिण्याचं पाणी आणि मठ्ठ्याचं पाणी एकाच ठिकाणचं असावं, आणि खाण्याचा नसलेला, मासे-पेयं थंड करायला वापरतात तो बर्फ ताकात पडता कामा नये.

कायद्याची बाजूही माहितीपत्रकाच्या सुरुवातीलाच यायला हवी. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ चा आहे, आणि केटररला त्याखाली नोंदणी किंवा परवाना घ्यावाच लागतो. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करतं. क्रमांक चौदा आकडी असतो. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर लहान व्यवसायाची नोंदणी. पाचशे पाहुण्यांचं काम दर आठवड्याला करणाऱ्या केटररचा क्रमांक २ ने सुरू होत असेल, तर त्याची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेत कशी बसते, असं विचारायला हरकत नाही. क्रमांक चालू आहे का, हे foscos.fssai.gov.in या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतं. २०२२ पासून हा क्रमांक बिलावरही द्यावा लागतो. कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी हीसुद्धा परवान्याची अट आहे. मात्र परवाना म्हणजे आजच्या पातेल्याची हमी नाही. तो असला की पुढचे प्रश्न विचारायचे, आणि नसला की उठून यायचं.

हे सगळं ध्यानात घेतलं, तर त्याच केटररच्या माहितीपत्रकाची सुरुवात अशी लिहिता येते:

‘मुहूर्ताची वेळ आणि भोजनकक्षातली पानांची संख्या आम्हांला सांगा, पहिली आणि शेवटची पंगत किती वाजता बसेल, ते आम्ही आपल्याला लिहून देऊ. दर पंधरा पानांमागे एक वाढपी असेल, पाण्यासाठी माणसं वेगळी. पुऱ्या पंगत बसल्यावरच तळल्या जातील. पानावर सोळा पदार्थ असतील. त्यांतले पाच गरम आणि ते पंगतीगणिक ताजे शिजवलेले. दुधाचे पदार्थ शीतपेटीतून थेट पानावर येतील. आमचा परवाना क्रमांक खाली दिला आहे. लग्नाच्या दिवशी सकाळी सातनंतर आपल्यापैकी कुणीही स्वयंपाकघरात येऊन पाहू शकता.’

यात एकही विशेषण नाही, तरी स्वच्छता, विविधता आणि वेळ तिन्ही आल्या आहेत, आणि प्रत्येक वाक्य लग्नाच्या दिवशी पडताळता येतं. असं लिहिणाऱ्या केटररला धोका आहे, कारण वाढपी आठऐवजी सहा आले तर यजमान मोजून दाखवतील. पण पाचशे माणसांचं जेवण सोपवताना कोणत्या कागदावर विश्वास ठेवावा, हे ठरवायला याहून चांगली खूण सापडणार नाही. शेवटचं वाक्य लिहायला केटरर सर्वांत जास्त कचरतात. आचारी मंडळींना ऐन कामात घरच्यांची लुडबुड आवडत नाही आणि ते रास्तच आहे. उकळत्या तेलाजवळ चार पाहुणे उभे राहिले तर अपघात व्हायचा. म्हणून दोन्ही बाजूंनी एकेकच माणूस ठरवावा, आणि त्याने सकाळी एकदा आणि पहिल्या पंगतीआधी एकदा यावं.

यजमानांकडूनही काही गोष्टी आधी यायला हव्यात, आणि त्या माहितीपत्रकात सुरुवातीच्या परिच्छेदाला लागूनच छापलेल्या बऱ्या. कार्यालयाचं स्वयंपाकघर आदल्या संध्याकाळी ताब्यात मिळणार की लग्नाच्या दिवशी पहाटे, यावर भाज्या केव्हा चिरायच्या ते ठरतं. पाण्याची व्यवस्था कुणाची, हे लेखी हवं. पाहुण्यांचा पक्का आकडा किमान तीन दिवस आधी कळायला हवा, कारण चक्का, तांदूळ आणि माणसं त्यावर ठरतात; शिवाय कमीत कमी किती ताटांचे पैसे लागतील, हेही त्याच आकड्याशी बांधलेलं असतं. ऐनवेळी ऐंशी माणसं वाढली तर वरण पातळ होतं, भाताचं जादा पातेलं घाईत चढतं आणि अडीचची पंगत तीनला बसते. तेव्हा ताटं मोजायला केटररचा एक आणि घरचा एक असे दोघे भोजनकक्षाच्या दाराशी बसवावेत आणि प्रत्येक पंगतीनंतर आकडा एकाच वहीत दोघांच्या सहीने लिहावा. संध्याकाळी हिशेबाला बसल्यावर तीच वही समोर ठेवायची असते.